फिक्स्ड जास्त की बोनस मोठा?

पुण्यात आयटीत सहा-सात वर्षं काढलेल्या इंजिनिअरच्या हाती एकाच आठवड्यात दोन ऑफर लेटर पडणं आता नवलाचं राहिलेलं नाही. समजा, हिंजवडीतल्या एका तरुणीला अशी दोन पत्रं आली आहेत. पहिल्या कंपनीनं वर्षाला १४ लाख रुपये फिक्स्ड देऊ केले आहेत आणि त्यावर ८ टक्के बोनस. दुसरीनं फिक्स्ड १२ लाखच ठेवलं आहे, पण बोनस ३० टक्के. पहिल्या पत्राच्या तळाशी एकूण आकडा आहे १५ लाख १२ हजार. दुसऱ्याच्या तळाशी १५ लाख ६० हजार. घरात एकच मत पडतं: दुसरी कंपनी ४८ हजार जास्त देते आहे, मग विचार कसला करायचा?

विचार करायचा तो एवढ्याचसाठी की या दोन बेरजा एका जातीच्या नाहीत. पहिल्या बेरजेतले १४ लाख महिन्याच्या महिन्याला खात्यात येणार आहेत. दुसऱ्या बेरजेतले ३ लाख ६० हजार येतील ते कंपनीचं वर्ष चांगलं गेलं, साहेबानं रेटिंग चांगलं दिलं आणि पैसे वाटण्याच्या दिवशी ती त्या कंपनीत असली तर. ऑफर लेटरमध्ये बोनसची रक्कम छापलेली असते ती ‘टार्गेट’, म्हणजे सगळं ठरल्याप्रमाणे झालं तर मिळणारी. त्यातले किती टक्के प्रत्यक्षात वाटले, याला एचआरच्या भाषेत ‘पेआउट’ म्हणतात. दोन ऑफर्सची तुलना खरी या पेआउटवर होते, आणि पत्रात तो कुठंच लिहिलेला नसतो.

म्हणून पहिला हिशेब असा मांडावा: पेआउट किती टक्के झाला तर दोन्ही ऑफर बरोबरीत येतील? दुसऱ्या कंपनीचं फिक्स्ड २ लाखांनी कमी आहे. तिचा पूर्ण बोनस ३ लाख ६० हजार, पहिलीचा १ लाख १२ हजार, म्हणजे बोनसमधला फरक २ लाख ४८ हजार. दोन लाखांना या २ लाख ४८ हजारांनी भागलं की साधारण ८१ टक्के येतात. हा झाला बरोबरीचा टक्का. दोन्हीकडे पेआउट ८१ टक्क्यांच्या वर गेला तर दुसरी ऑफर सरस, खाली राहिला तर पहिली. कागदावर ४८ हजारांनी पुढे असलेल्या ऑफरला केवळ बरोबरी गाठायलाच ८१ टक्के मिळवावे लागतात, हे एका भागाकारात कळतं.

हा भागाकार कोणालाही करता येतो: फिक्स्डमधला फरक भागिले पूर्ण बोनसमधला फरक. ज्यांना आणखी सावध राहायचं आहे, किंवा दोन कंपन्यांचे धंदे अगदी वेगळे आहेत, त्यांनी पहिल्या कंपनीचा छोटा बोनस शून्य धरावा. तरीही दुसरीला २ लाखांची तूट भरून काढायला ३ लाख ६० हजारांच्या बोनसमधले जवळपास ५६ टक्के द्यावेच लागतात.

आता बरोबरीच्या दोन्ही बाजूंना काय घडतं ते पाहू. दोन्हीकडे पेआउट १२० टक्के झाला, तर दुसऱ्या कंपनीत ती ९७,६०० रुपयांनी पुढे राहील. ५० टक्क्यांवर आला तर ७६ हजारांनी मागे. एखाद्या वर्षी काहीच मिळालं नाही, तर पूर्ण २ लाखांनी मागे. वरच्या बाजूला एक गोष्ट हमखास विचारायला हवी, ती म्हणजे १२० टक्के मिळूच शकतात का? अनेक योजनांमध्ये १०० टक्के हीच कमाल मर्यादा असते. तशी असेल तर या उमेदवाराला जास्तीत जास्त फायदा ४८ हजारांचा आणि जास्तीत जास्त तोटा २ लाखांचा. असा व्यवहार डोळसपणे फार थोडे लोक करतील.

८१ टक्के हा आकडा ऐकायला सोपा वाटतो. शाळेत ८१ टक्के मिळवणाऱ्या मुलीला तो अवघड का वाटावा? अडचण पेआउट काढण्याच्या रीतीत आहे. पुष्कळ कंपन्यांमध्ये दोन गुणक असतात, एक कंपनीच्या किंवा विभागाच्या कामगिरीचा आणि दुसरा व्यक्तीच्या रेटिंगचा. या दोन्हींचा गुणाकार होतो. कंपनीनं लक्ष्याच्या ८५ टक्के गाठले, हे काही वाईट वर्ष नव्हे. रेटिंगचा गुणक ९० टक्के आला, तोही वाईट नव्हे. पण ८५ टक्क्यांचे ९० टक्के म्हणजे साडेशहात्तर. दोन्ही आकडे बरे असूनही ती ८१ च्या खाली गेली. त्या वर्षी दुसऱ्या कंपनीत तिला १४ लाख ७५ हजार मिळाले असते आणि तेवढ्याच गुणकांवर पहिलीत १४ लाख ८५ हजारांहून थोडे अधिक.

काही योजनांत यापुढची एक पायरी असते. कंपनीनं लक्ष्याचा ठरावीक उंबरठा ओलांडला नाही, तर त्या भागाचा बोनस थेट शून्य. उंबरठा ८० टक्क्यांचा असेल आणि कंपनी ७९ वर थांबली, तर एका टक्क्याची नव्हे, सगळ्या रकमेची वजाबाकी होते.

पेआउट खरोखर किती हलतो, याचं ठळक उदाहरण २०२२ च्या ऑगस्टमधलं आहे. एप्रिल ते जून या तिमाहीत भारतीय आयटी कंपन्यांचा महसूल वाढत होता, कामाची कमतरता नव्हती. पण माणसं भराभर सोडून जात होती, नव्यांना जास्त पगार द्यावे लागत होते आणि नफ्याचं प्रमाण घसरलं. त्या तिमाहीसाठी इन्फोसिसनं व्हेरिएबल सरासरी ७० टक्क्यांच्या आसपास आणलं. विप्रोनं मॅनेजर आणि त्यावरच्या पातळीचं व्हेरिएबल रोखून धरलं आणि खालच्या पातळ्यांना ७० टक्के दिलं. ज्यांचं काम उत्तम झालं होतं, त्यांचेही पैसे कमी झाले, कारण घसरण त्यांच्या कामात झालीच नव्हती. ‘मी मेहनत करीन, मला पूर्ण बोनस मिळेल’ हे गणित अशा वेळी चालत नाही. आणि विप्रोचं उदाहरण आणखी एक गोष्ट सांगतं: कपात सगळ्यांवर सारखी पडत नाही. पातळी जितकी वरची, तितका पगारातला व्हेरिएबलचा वाटा मोठा आणि कात्रीही मोठी.

नियम मधेच बदलू शकतात, हेही लक्षात ठेवायला हवं. २०२४ मध्ये टीसीएसनं तिमाही व्हेरिएबल ऑफिसातल्या हजेरीला जोडलं. हजेरी ६० टक्क्यांच्या खाली असेल तर त्या तिमाहीचं व्हेरिएबल नाही आणि पूर्ण रक्कम हवी असेल तर हजेरी ८५ टक्क्यांच्या वर. जे लोक आधीच्या नियमांवर नोकरीला लागले होते, त्यांनाही तो लागू झाला. बहुतेक ऑफर लेटरमध्ये बोनसच्या परिच्छेदात एक वाक्य असतं की ही योजना बदलण्याचा वा थांबवण्याचा अधिकार कंपनीकडे राहील. फिक्स्ड पगार एकतर्फी कमी करणं कंपनीला इतकं सोपं नसतं.

इथपर्यंत आपण ३० टक्के म्हणजे फिक्स्डचे ३० टक्के असं धरून चाललो. पण पत्रात नेमकं काय लिहिलं आहे? इथंच सगळ्यात मोठी चूक होते, आणि सही झाल्यावर ती दुरुस्त होत नाही.

काही कंपन्या बोनसचा टक्का बेसिकवर काढतात. दुसऱ्या कंपनीत बेसिक फिक्स्डच्या निम्मं, म्हणजे ६ लाख असेल, तर ३० टक्के म्हणजे १ लाख ८० हजार. पूर्ण बोनस मिळाला तरी वर्षाची बेरीज १३ लाख ८० हजार, म्हणजे पहिल्या कंपनीच्या नुसत्या फिक्स्डपेक्षाही कमी. दुसरा प्रकार सीटीसीच्या पोटातल्या बोनसचा. एचआर फोनवर सांगते, ‘सीटीसी पंधरा-साठ, त्यात ३० टक्के व्हेरिएबल.’ याचा अर्थ १२ लाखांवर ३० टक्के असा नसून, १५ लाख ६० हजारांतलेच ३० टक्के, म्हणजे ४ लाख ६८ हजार व्हेरिएबल. फिक्स्ड उरतं १० लाख ९२ हजार. बोलण्यात एका शब्दाचा फरक पडला आणि महिन्याच्या पगारातून नऊ हजार रुपये गेले. म्हणून फोनवरचा आकडा आकडा मानू नये. पगाराची फोड करून दाखवणारा तक्ता मागावा. पत्राला तो सहसा जोडलेला असतो, आणि नसेल तर मागितल्यावर देतात.

तो तक्ता हाती आला की त्यात फिक्स्डच्या रकान्यात कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा हप्ता आणि ग्रॅच्युइटी मिसळली आहे का तेही दिसतं. एका कंपनीचे १४ लाख हे दोन्ही धरून आणि दुसरीचे १२ लाख हे दोन्ही सोडून असतील, तर फरक दोन लाखांचा उरतच नाही. दोन्ही रकमा एकाच पद्धतीनं मांडून मगच वरचा भागाकार करावा. ग्रॅच्युइटीचा हिशेब शेवटच्या मूळ पगारावर होतो: महिन्याचं बेसिक गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. बेसिक दोन्हीकडे फिक्स्डच्या निम्मं धरलं आणि पाच वर्षांत पगार वाढलाच नाही असं मानलं, तर पहिल्या कंपनीत ती सुमारे १ लाख ६८ हजार होते आणि दुसरीत १ लाख ४४ हजार. बोनस कितीही मोठा मिळाला तरी या सूत्रात त्याला जागा नाही.

‘बोनसवर टॅक्स जास्त लागतो’ ही तक्रार दर वर्षी ऑफिसच्या कँटीनमध्ये ऐकू येते. ती आकड्यांनी तपासू. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत नोकरदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट आहे आणि १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर पडत नाही. दुसऱ्या कंपनीत फक्त १२ लाख मिळाले, तर करपात्र रक्कम सव्वाअकरा लाख आणि कर शून्य. पूर्ण बोनस मिळून १५ लाख ६० हजार झाले, की सवलत गेली आणि उपकरासह कर १ लाख ६ हजार ८६० रुपये. बोनस ज्या महिन्यात येतो, त्याच सुमाराला ही कपात होत असल्यानं ३ लाख ६० हजारांच्या जागी अडीच लाखच दिसतात आणि बोनसवर वेगळा कर लागला असं वाटतं. वस्तुतः १५ लाख ६० हजारांचा नुसता पगार असता तरी कर इतकाच पडला असता. कर एकूण उत्पन्नावर असतो, ते पगार म्हणून आलं की बोनस म्हणून, याला महत्त्व नाही. त्यामुळे बरोबरीचा टक्का कर धरला तरी ८१ च राहतो. करामुळे एक गोष्ट मात्र बदलते: पेआउट शून्य झाला तर दोन ऑफर्समधली दोन लाखांची दरी हातात येणाऱ्या रकमेत १ लाख १८ हजारांपर्यंत खाली येते, कारण १४ लाखांवर ८१,९०० रुपये कर भरावा लागतो आणि १२ लाखांवर काहीच नाही. मोठ्या बोनसच्या बाजूनं मांडण्यासारखा हा एक खरा मुद्दा आहे.

त्याच्या विरुद्ध बाजूला तारखा आहेत. समजा तिनं १ ऑक्टोबरला नोकरी धरली. कंपनीचं वर्ष एप्रिल ते मार्च. पहिल्या वर्षीचा बोनस सहा महिन्यांचाच, म्हणजे पूर्ण पेआउट झाला तरी १ लाख ८० हजार. वर्षाचे हिशेब आणि रेटिंग संपून पैसे वाटले जातात जून-जुलैत. म्हणजे कामाला लागल्यापासून नऊ महिने ती १ लाख रुपये महिन्यावर राहणार, तेव्हा पहिल्या कंपनीत दरमहा १ लाख १६ हजार ६६६ आले असते. काही कंपन्यांत जानेवारीनंतर रुजू झालेल्यांना त्या वर्षाचा बोनसच नसतो.

सोडून जातानाची अट याहून कडक असते. बोनस वाटण्याच्या दिवशी कर्मचारी पटावर असला पाहिजे, आणि बऱ्याच ठिकाणी तो नोटीस पिरियडवरही नसला पाहिजे. आयटीत ९० दिवसांची नोटीस सर्रास आहे. मार्चअखेरपर्यंत वर्षभर राबून मेमध्ये राजीनामा दिला आणि बोनस जुलैत असला, तर मागच्या वर्षाचे सगळे पैसे जाऊ शकतात. दर दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलणाऱ्या माणसानं मोठ्या बोनसची ऑफर घेताना, आपण जाण्याचा महिना आपल्या हातात राहणार नाही, हे मान्य करूनच ती घ्यावी. तिमाहीला वाटप होत असेल तर हे नुकसान तीन महिन्यांपुरतं मर्यादित राहतं, म्हणून वाटप वर्षाला की तिमाहीला, हा प्रश्न टक्क्याइतकाच महत्त्वाचा.

कायद्यानं मिळणाऱ्या बोनसचा आधार इथं घेता येत नाही. १९६५ च्या बोनस कायद्यानं किमान ८.३३ टक्क्यांची आणि कमाल २० टक्क्यांची हमी दिली, पण ती महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगारांसाठी. कारखान्यात दिवाळीच्या आधी हक्कानं मागितला जाणारा बोनस तो हाच. लाखभर पगाराच्या इंजिनिअरचं व्हेरिएबल करारातल्या मजकुरावर उभं असतं, म्हणून तो मजकूर वाचणं भाग आहे.

पुढच्या नोकरीचा विचार बहुतेकांच्या तुलनेत येत नाही, आणि यायला हवा. भारतात नवी कंपनी उमेदवाराला ‘करंट सीटीसी’ विचारते तेव्हा फिक्स्ड किती आणि व्हेरिएबल किती हे वेगळं विचारते, आणि हाइक सहसा फिक्स्डवर मोजला जातो. तीन वर्षांनी दोघींना ३० टक्के हाइक मिळाला असं मानू, आणि मधली वाढही सोडून देऊ. १४ लाखांवाली १८ लाख २० हजारांवर जाईल, १२ लाखांवाली १५ लाख ६० हजारांवर. दोन लाखांची दरी २ लाख ६० हजारांची झाली, आणि यापुढच्या प्रत्येक बदलीत ती रुंदावत जाणार. गृहकर्जाचंही तसंच. हप्ता किती झेपेल हे ठरवताना बँका दरमहा येणाऱ्या पगाराकडे पाहतात. बोनस धरलाच तर मागच्या काही वर्षांची सरासरी काढून, आणि तीही पूर्ण धरत नाहीत. नव्या कंपनीतल्या न मिळालेल्या बोनसला बँकेच्या टेबलावर किंमत नसते.

मग मोठ्या बोनसची ऑफर घ्यावी कोणी? ज्याच्या बोनसचा आकडा बऱ्याच अंशी त्याच्या स्वतःच्या हातात आहे, त्यानं. विक्रीच्या कामात महिन्याचं टार्गेट, आपला भाग, आपले ग्राहक डोळ्यांसमोर असतात आणि टार्गेटच्या वर विकलं तर वरचे पैसेही मिळतात. तिथं कमी फिक्स्ड आणि मोठा इन्सेंटिव्ह घेऊन चांगला विक्रेता खरोखर जास्त कमावतो. दुसरा, ज्याच्या घरात आणखी एक पक्का पगार आहे आणि डोक्यावर हप्ता नाही. आणि तिसरा, ज्याच्याकडे त्या कंपनीच्या पेआउटचा पक्का इतिहास आहे.

हा इतिहास मिळतो. एचआरला सरळ विचारावं, ‘या ग्रेडला गेल्या तीन वर्षांत प्रत्यक्ष पेआउट किती टक्के झाला?’ सरासरी नको, दर वर्षाचा आकडा हवा, आणि त्याच ग्रेडचा, कारण विप्रोच्या बाबतीत दिसलं तसं ग्रेडप्रमाणे कात्री बदलते. ९५, १०२, ९० असं उत्तर आलं, तर दुसरी ऑफर विचार करण्याजोगी आहे. १००, ६०, ८५ असं आलं, तर सरासरी बरोबरीच्या टक्क्याच्या जेमतेम वर पडते, आणि मधल्या वर्षी घरखर्च कसा भागला असता याचा विचार आधी करावा लागतो. ‘साधारण चांगला असतो’ एवढंच उत्तर आलं, तर त्याच कंपनीत काम करणाऱ्या ओळखीच्या दोघा-तिघांना विचारावं. लोक पगार सांगायला कचरतात, पेआउटचा टक्का सहज सांगतात.

वाटाघाटीलाही जागा असते, आणि ती बहुतेक उमेदवार वापरत नाहीत. एकूण सीटीसी वाढवायला एचआरकडे बजेट नसतं, पण सीटीसी तेवढीच ठेवून आतली मांडणी बदलणं त्यांना पुष्कळदा जमतं. या तरुणीनं दुसऱ्या कंपनीला म्हणावं, बोनसमधले एक लाख फिक्स्डमध्ये घ्या. फिक्स्ड १३ लाख, बोनस २० टक्के म्हणजे २ लाख ६० हजार, बेरीज तीच १५ लाख ६० हजार. बरोबरीचा टक्का मात्र ८१ वरून ६८ वर उतरतो. दुसरी मागणी पहिल्या वर्षापुरत्या हमीची: पहिल्या वर्षीचा बोनस पूर्ण टार्गेटइतका मिळेल, असं पत्रात लिहून द्या. नव्या माणसाला कंपनीची घडी समजायला वर्ष लागतं, म्हणून ही मागणी रास्त मानली जाते. जे मान्य होईल ते ऑफर लेटरमध्ये आलं पाहिजे. फोनवरचं किंवा मेसेजवरचं आश्वासन पुढच्या वर्षी नव्या एचआरला बांधील नसतं.

या तरुणीपुरता निकाल द्यायचा तर असा. पत्रं आहेत तशीच राहिली, बोनसला १०० टक्क्यांची मर्यादा असली आणि तीन वर्षांचे आकडे मिळाले नाहीत, तर १४ लाखांची ऑफर घ्यावी. दुसऱ्या कंपनीनं फिक्स्ड १३ लाखांवर आणलं आणि गेल्या तीन वर्षांत तिच्या ग्रेडचा पेआउट एकदाही ७० टक्क्यांच्या खाली गेलेला नसेल, तर दुसरी.